लिसांस आणि शरफ
«कैरोच्या कला शाखेच्या प्रमाणपत्रावर ‘लिसांस’ आहे, श्रेणी ‘जय्यिद जिद्दन मअ मर्तबत अश्-शरफ’. लंडनच्या कंपनीसाठीच्या भाषांतरात बीए ऑनर्स, फर्स्ट क्लास लिहू का?»

नका लिहू, दोन्ही चुकतील. इजिप्तमध्ये कला आणि कायदा या शाखा लिसांस देतात, अभियांत्रिकी, वाणिज्य वगैरे शाखा बकालोरियूस. दर्जा पदवीचाच, नाव तेवढं वेगळं. म्हणून ‘लिसांस इन आर्ट्स’ असं मूळ नाव ठेवा आणि चौकोनी कंसात ‘अनुवादकाची टीप: बॅचलर स्तराची पदवी’ असं जोडा. नुसतं ‘लायसन्स’ दिसलं तर वाचणाऱ्याला परवाना वाटेल.

खरी गफलत ‘ऑनर्स’मध्ये होते. ब्रिटनमध्ये तो बहुधा पदवीचाच प्रकार असतो, अगदी थर्ड क्लास मिळालेल्यालाही ऑनर्स पदवी असते. इजिप्तमध्ये मर्तबत अश्-शरफ, म्हणजे सन्मानाची पायरी, कमवावी लागते: अंतिम श्रेणी ‘मुम्ताज़’ म्हणजे उत्कृष्ट किंवा ‘जय्यिद जिद्दन’ म्हणजे खूप चांगली हवी, पूर्वतयारीचं वर्ष सोडून कुठल्याही वर्षाची श्रेणी ‘जय्यिद जिद्दन’च्या खाली नको, आणि त्या वर्षांतल्या कुठल्याही परीक्षेत नापासही झालेलं नको. तुमच्या ‘बीए ऑनर्स’मध्ये हे सगळं पुसलं जातं. त्यामुळे पदवीच्या ओळीत ऑनर्स आणूच नका. श्रेणीच्या ओळीत ‘व्हेरी गुड विथ ऑनर्स’ एवढंच द्या.

फर्स्ट क्लास हा अनुवाद नाही, समकक्षता ठरवणं आहे. ते मूल्यांकन संस्थेचं काम, ब्रिटनसाठी एनिक. प्रमाणपत्राच्या भाषांतरात तुम्ही वर्ग ठरवलात आणि एनिकच्या कागदावर वेगळा निघाला, तर संशय उमेदवारावर येतो, आणि तेही त्याची काही चूक नसताना.