मदत हवी आहे: दुकानाचा नफा का घटला? इश्यू ट्री जमत नाहीये

चिंचगूळ
रविवारी बाबा आणि काकांसमोर ठेवायचंय, म्हणून घाई आहे. नफा घटलाय. पाच फांद्या काढल्या: गिऱ्हाईक कमी, विक्री कमी, ऑनलाइनची स्पर्धा, सूट जास्त, खर्च वाढला. मैत्रीण म्हणते फांद्या एकमेकींवर चढल्यात, शिवाय काहीतरी सुटलंय. काय ते सांगेना. दुरुस्त करून द्या कोणीतरी.

खडूस_मुनीम
दुकान कसलं? कुठल्या काळातला नफा, कितीवरून कितीवर? आकडे जीएसटी धरून की सोडून?

बोरिवली_लोकल
झाड कशाला हवंय? दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांनी धंदा खाल्ला. गिऱ्हाईक तुटलं, विषय संपला.

चिंचगूळ
किराणा, सातारा, एकच दुकान. मार्चअखेरचे दोन हिशेब, जीएसटी सोडून. विक्री २ कोटी ४० लाखांची २ कोटी ५० झाली. ढोबळ नफा ३३.६ लाखांचा ३१. खर्च २१.६ चा २२.६. म्हणजे नफा १२ लाखांवरून ८.४. काका म्हणतात बाबा सूट फार देतात, सगळं त्यातच जातं.

खडूस_मुनीम
विक्री वाढलीय आणि पहिल्या दोन फांद्या विक्री कमी झाल्याच्या! त्यातही गिऱ्हाईक हा विक्रीचाच भाग, ती फांदी वेगळी नाहीच. ऑनलाइन ही तर फांदीच नव्हे, ते कारण. त्याने बिलं कमी होतील, बिल लहान होईल किंवा तुम्हाला भाव पाडावा लागेल, म्हणजे तीन ठिकाणी तेच लिहावं लागेल. झाड आधी हिशेबाने तोडा, कारणं शेवटी टांगा. घटलेला प्रत्येक रुपया एकाच फांदीवर बसला पाहिजे आणि बेरीज ३.६ लाख आली पाहिजे.

वाढलेल्या १० लाखांवर जुनं १४ टक्के मार्जिन धरलं तर १.४ लाख मिळाले. मार्जिन १२.४ वर आलं, २ कोटी ५० लाखांवर १.६ टक्के म्हणजे ४ लाख गेले. खर्चात १ लाख गेला. जुळलं. आता सगळा जोर त्या ४ लाखांवर.

आकडेमोड_आवडते
थोडी गफलत आहे. वाढीव विक्रीवरचं घटलेलं मार्जिन दोन्ही फांद्यांचं असतं, तुम्ही ते गुपचूप मार्जिनमध्ये टाकलंत.

खडूस_मुनीम
टाकलं. १० लाखांवर १.६ टक्के, १६ हजार. कुठल्याही एका बाजूला ठेवा, पण दोन्हीकडे मोजू नका.

साडीसेंटर
आमच्याकडे भाडं वाढलं तेव्हा असंच झालं होतं. मालकाशी बोलून घ्या.

चिंचगूळ
दुकान आमच्याच जागेत आहे हो. मुनीमकाका, ते ४ लाख कसे तोडायचे?

खडूस_मुनीम
यंदाच्या गटवार विक्रीला गेल्या वर्षीचं गटवार मार्जिन लावा. जो फरक पडेल तो कुठला माल जास्त खपला त्याचा. मग सॉफ्टवेअर बिलागणिक जे मार्जिन दाखवतं त्याची यंदाची बेरीज काढा. सूट, विक्रीचा भाव, खरेदीचा भाव, सगळं तिथे दिसेल. त्यानंतर वहीपर्यंत जे उरेल ते बिलावर न आलेलं: खराब माल, उंदीर, चोरी, मोजणीची चूक. तुमच्या झाडात हीच फांदी नव्हती.

बोरिवली_लोकल
सॉफ्टवेअर कुठलं आहे? आमच्या मेव्हण्याचं सारखं हँग होतं.

चिंचगूळ
रात्री बसून काढलं. जुन्या मार्जिनने ३५ लाख यायला हवे होते. गटवार लावल्यावर ३३. तेल आणि साखर बेफाम खपली, साबण-शाम्पू तेवढेच राहिले. बिलांची बेरीज ३२.६. वहीत ३१.

म्हणजे सूट, भाव सगळं मिळून फक्त ४० हजार!! काकांना दाखवतेच.

बोरिवली_लोकल
साबण-शाम्पू ऑनलाइन गेले. म्हटलं होतं ना मी.

खडूस_मुनीम
असतीलही, पण ते बिलं चाळून सिद्ध करावं लागेल. जुन्या गिऱ्हाइकांच्या बिलातून साबण गायब झालाय की तेलाला नवीनच लोक येतायत, हे बघा. आणि ताई, ४० हजारांवर उड्या मारू नका. भाव वाढवून वरून सूट दिली असेल तर दोन्ही एकमेकांत विरतात. सूट वेगळी काढा. त्याहून मोठा प्रश्न त्या १.६ लाखांचा. मार्चअखेर माल मोजला होता का?

चिंचगूळ
गेल्या वर्षी मोजला होता, तेव्हा वही आणि सॉफ्टवेअर जुळत होतं. यंदा काका दवाखान्यात होते. बाबांनी मागच्याच वर्षीचा १८ लाखांचा आकडा टाकला.

खडूस_मुनीम
मग चोर शोधू नका अजून. माल खरंच १९.६ लाखांचा असेल तर ते १.६ लाख कुठे गेलेच नाहीत, वहीत कमी लिहिले गेले. आज मोजा. १ एप्रिलपासूनची खरेदी वजा करा, विकलेल्या मालाची खरेदी किंमत मिळवा, मार्चअखेरचा आकडा मिळेल. मधल्या महिन्यांतली घट त्यात मिसळेल, तेवढं चालवून घ्या.

आकडेमोड_आवडते
चालवून कसं घ्यायचं? मग दोन फांद्या पुन्हा मिसळल्याच की.

चिंचगूळ
तुम्ही भांडा. शनिवारी दुकान आठला बंद करून मोजतोय. बाबा म्हणतायत माळ्यावरचे तेलाचे डबे सॉफ्टवेअरमध्ये कधी चढवलेच नाहीत.