थ्रोबॉलमधलं "होल्डिंग" मराठीत कसं लिहायचं? मी "धरणे" लिहिलं आणि घोटाळा झाला

अंत्रूजकन्या:
शाळेतल्या मुलींना वाचता यावं म्हणून मी थ्रोबॉलच्या नियमांचं एक पान मराठीत केलं. त्यात एका ओळीत "चेंडू दोन्ही हातांनी धरावा" आणि चार ओळी खाली "चेंडू धरल्यास गुण समोरच्या संघाला" असं आलं. लिहिताना खटकलंच नाही, कारण पहिलं कॅचिंग आणि दुसरं होल्डिंग हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मॅचमध्ये 13-13 झाले, सर्व्हिस समोरच्यांची. रॅली चालू असताना आमच्या सातवीच्या मुलीनं बॉल छातीसमोर अगदी छान घेतला आणि पलीकडे मोकळी जागा कुठे दिसते ते बघत तशीच उभी राहिली. शिटी, होल्डिंग. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, धरला म्हणून फाउल ना?" मी काही सांगेपर्यंत पुढची सर्व्हिस आली आणि तिनं तो बॉल धरलाच नाही, दोन्ही तळव्यांनी सरळ परत ढकलला. पुन्हा शिटी, 13-15, सेट गेला. तिनं माझं पानच शब्दशः पाळलं होतं, त्यामुळे मला रात्रभर वाईट वाटत होतं. तर मराठीत या दोघांना वेगळे शब्द काय वापरायचे?

बांदोड्याचा बाळ:
मॅडम, मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलोय. होल्डिंग म्हणजे बॉल हातात थांबणं, बॉल हाताला चिकटला की फाउल. आम्ही त्याला "उचल" म्हणायचो. तेच लिहा.

शिटीवाले काका:
बाळ, व्हॉलीबॉलमध्ये बरोबर आहे, पण थ्रोबॉलला ते लावलंस तर खेळच उलटा होतो. इथे बॉल हातात थांबायलाच पाहिजे, ढकलून देणं हाच फाउल. होल्डिंग म्हणजे थांबवणं नव्हे, जास्त वेळ थांबवणं. पकडल्यापासून तीन सेकंदांच्या आत तो एका हातानं, खांद्याच्या वरून, पलीकडे जायला पाहिजे. मी वीसेक वर्षं शाळा-कॉलेजच्या मॅचेस बघतोय, होल्डिंग जातं ते बहुतेक वेळा बाईंच्या मुलीसारखंच. कॅच चांगला होतो, मग खेळाडू डोळ्यांनी रिकामी जागा शोधते, एकीकडे फेकायचं दाखवते, दुसरीकडे वळते, आणि तेवढ्यात वेळ संपतो. मुलींना मी सांगतो की जागा बॉल येतानाच हेरून ठेवा, हातात आल्यावर नाही.

शुद्धमराठी:
"झेलणे" हा इतका सुंदर शब्द असताना "धरणे" का? झेलावा आणि धरून ठेवू नये, प्रश्न मिटला.

पेडण्याचो बाबलो:
झेल म्हटल्यार आमकां वयल्यान येवपी बॉल दिसता. माफ करा, मराठीत लिहितो. झेल म्हणजे उंच गेलेला बॉल खाली येताना घेणं, क्रिकेटचा झेल. थ्रोबॉलमध्ये नेटच्या वरून सपाट आणि जोरात येतो, तो कसला झेल? आमच्या वाड्यावर खेळताना ओरडतात "धर! उडय!", म्हणजे धर आणि फेक. कोंकणीत धरप हाच शब्द, आणि कोणाचा घोटाळा झालेला मी पाहिला नाही, कारण "उडय" लगेच मागून येतं.

शुद्धमराठी:
झेल फक्त वरून येणाऱ्याचाच असतो हे तुम्ही कुठून काढलं? आपण संकटं झेलतो, वार झेलतो, ते काय वरून येतात?

पेडण्याचो बाबलो:
वार झेलणं म्हणजे अंगावर घेणं. आणि इथे तर अंगाला लागला की फाउल. मग शब्द अजूनच चुकला.

शिटीवाले काका:
बाबलोचा मुद्दा पटला. बॉल छातीला किंवा पोटाला टेकवून घेतात ना, लहान मुली हमखास, तो कॅच धरत नाहीत. फक्त हातात, दोन्ही हातांत, आणि एकदम. यावरून आठवलं, बाई, तुमच्या पानात "डब्स" कसं लिहिलंय? मला खरा अडलेला शब्द तो वाटतो.

अंत्रूजकन्या:
"बॉलचा आवाज होऊ नये" असं लिहिलंय. पण मुली विचारतात की कसला आवाज, बॉल घेतला की थोडा आवाज होतोच.

शिटीवाले काका:
होतो, पण दोन वेगळे असतात. नीट बसलेला कॅच एकदाच वाजतो, दबका. डब्स झाला की तळव्यावर आपटून बॉल किंचित सुटतो आणि बोटं त्याला पुन्हा घेतात, म्हणजे "टप्-टप्". एका हाताला आधी लागला आणि दुसरा मागून आला तरी तसंच. पावसात पत्र्याच्या छपराखाली मॅच असली की कानावर भिस्त ठेवता येत नाही, मग मी बोटांकडे बघतो. बॉल हातात आल्यावर फिरला किंवा सरकला तर शिटी. ओल्या बॉलला हे फार होतं, म्हणून दोन रॅलींच्या मध्ये तो पुसून घ्यायला मी सांगतो. आणि गंमत म्हणजे डब्स झालेला बॉल मुली घट्ट आवळतात, सावरायला वेळ लावतात, मग त्यांना वाटतं शिटी होल्डिंगची होती. दोन्ही वेगळे फाउल आहेत हे त्यांना सांगायला पाहिजे.

बांदोड्याचा बाळ:
डब्स हे "डबल"वरूनच आलं असणार, दोनदा लागतो म्हणून.

शुद्धमराठी:
किंवा आपल्याच "डबडब"वरून. ढोलाचा, पाण्याच्या डब्याचा तो आवाज. मराठीत नाद-शब्दांची कमी नाही, "दुठोका" का म्हणू नये?

शिटीवाले काका:
दुठोका ऐकून मैदानावर कोणाला काही कळणार नाही. मी शिटी वाजवून "डब्स" म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

साखळीची आई:
मला वेगळंच विचारायचंय. माझ्या मुलीची सर्व्हिस नेटला घासून पलीकडे पडली तर गुण समोरच्यांना दिला, आणि नंतर रॅलीत समोरच्यांचा बॉल तसाच घासून आला तर खेळ चालू ठेवला. हा अन्यायच ना? याला शब्द काय?

शिटीवाले काका:
ताई, अन्याय नाही. सर्व्हिस नेटला लागलेली चालत नाही, रॅलीतला बॉल लागला तर चालतो, फक्त अँटेनाला लागता कामा नये. आणि सर्व्हिसला शिटी झाल्यावर पाच सेकंद असतात, मागच्या रेषेबाहेरून, रेषेवर पाय न ठेवता. तुमच्या मुलीला म्हणावं घाई करू नको, पाच सेकंद पुष्कळ असतात.

साखळीची आई:
म्हणजे सर्व्हिसला सहा सेकंद लावले तरी होल्डिंग?

शिटीवाले काका:
नाही, ती सर्व्हिसची चूक. गुण जातो तसाच, पण होल्डिंग हे कॅचनंतरचं.

अंत्रूजकन्या:
मग मी असं करते, "चेंडू दोन्ही हातांनी पकडावा" आणि "तीन सेकंदांपेक्षा जास्त अडकवून ठेवू नये". कसं वाटतं?

पेडण्याचो बाबलो:
"पकड" तर कबड्डीत गडी पकडतात ती. पण "अडकवून" बरा आहे.

शुद्धमराठी:
"अडकवून" नको, चेंडू झाडावर अडकतो. "रोखून" घ्या.

बांदोड्याचा बाळ:
रोखणं म्हणजे तर ब्लॉक झालं.

अंत्रूजकन्या:
शनिवारी पुढची मॅच आहे. त्या मुलीला मी काल मैदानावर उभं करून तीन मोजून दाखवले, शब्द काहीच वापरला नाही. आता ती दोन म्हणायच्या आत फेकते. पान अजून तसंच आहे.

शुद्धमराठी:
दुठोक्यावर कोणी काही बोललंच नाही.