आठवण वाजतच नाही, तेव्हा

"ॲपमध्ये सगळ्या तारखा भरल्यात, तरी मावशीच्या लग्नाचा वाढदिवस हुकलाच. दुसरं ॲप घेऊ का?"

ॲप बदलण्याआधी फोनची सेटिंग बघा. असली ॲप्स आपण महिनोन्महिने उघडत नाही, आणि बराच काळ न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या नवे अँड्रॉइड फोन आपोआप काढून घेतात, त्याला मागे चालूही देत नाहीत. तारीख आत जपलेली असते, पण सांगायला कुणी जागं नसतं. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन, न वापरल्यास ॲप थांबवण्याचा पर्याय बंद करा आणि नोटिफिकेशनची परवानगी आहे ना तेही बघा. मग उद्याची तारीख टाकून एक खोटा वाढदिवस भरा आणि ॲपला हात लावू नका. सकाळी काही वाजलं नाही, तर गडबड अजून तिथेच आहे.

माझ्या काकांचा वाढदिवस माझ्याकडून असाच हुकला होता, पण कारण वेगळं. त्यांची तारीख 29 फेब्रुवारी. दरवर्षी येणारी नोंद म्हणून मी ती कॅलेंडरमध्ये टाकली, आणि 2024 नंतर ती थेट 2028 मध्येच दिसायला लागली! मधली वर्षं कॅलेंडरने सरळ गाळली. आता 28 तारखेची वेगळी नोंद केली आहे. तुमच्याकडे अशी तारीख असेल, तर पुढच्या वर्षाचं पान उघडून ती दिसते का ते आजच बघा.

आणि आठवण दोनदा लावा: आठवडाभर आधी, आणि त्या दिवशी सकाळी. भेट पाठवायची असेल तर त्याच दिवशीची सूचना उपयोगाची नाही.