अण्णांच्या ३८ रेकॉर्डिंगचं पुस्तक करायचंय, सल्ला हवा

दहिवडीकर: वडील ८१ वर्षांचे, आम्ही माण तालुक्यातले. गेल्या वर्षभरात मी फोनवर त्यांना बोलतं केलं, ३८ फाइली झाल्यात, सरासरी पंचवीस मिनिटांच्या, म्हणजे सोळा तासांच्या आसपास. घरगुती पुस्तक करायचंय. सात नंबरची फाइल हाताने टाइप करायला बसले तर दोन संध्याकाळी गेल्या आणि अजून संपली नाही. कोणी केलंय का असं?

निवांत: इतकं काय त्यात, गूगल डॉक्समधे व्हॉइस टायपिंग चालू करायचं, भाषा मराठी करायची आणि फोन लॅपटॉपच्या माइकजवळ ठेवून रेकॉर्डिंग लावायचं. मी ऑफिसची पत्रं बोलूनच लिहितो, एकदम मस्त येतं.

सुलूमावशी: माझ्या नणंदेनं आजेसासूच्या ओव्या रेकॉर्ड केल्या तेव्हा पंख्याचा आवाज एवढा आला की काही कळेना. चांगला माइक घे गं आधी, आणि खोलीत जाड पडदे लाव.

दहिवडीकर: मावशी, रेकॉर्डिंग झालंय सगळं, आता ते कागदावर आणायचंय :)

खटपट्या: निवांत, स्वतः माइकसमोर बोलायला व्हॉइस टायपिंग चांगलंच आहे, पण तयार रेकॉर्डिंगला नाही. मधेच बंद पडतं, दुसरी विंडो उघडली की थांबतं, आणि मधला तुकडा गेला तर गेलाय हेही कळत नाही कारण वेळेची नोंद कुठेच नसते.

ताई, मी आमच्या मामांचं केलंय त्यावरून सांगतो. व्हिस्पर म्हणून रेकॉर्डिंग ऐकून लिहून देणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, फाइल कुठे अपलोड करायची नाही. साध्या लॅपटॉपवर फार हळू चालतं, रात्री लावून झोपायचं. मराठीला छोटं मॉडेल घेऊ नका, गचाळ येतं.

```
whisper 07.m4a --language mr --model large-v3 --condition_on_previous_text False
```

शेवटचा भाग अशासाठी की अण्णा चहा प्यायला थांबले की ते एकच वाक्य दहा-पंधरा वेळा लिहीत सुटतं. याने ते बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. txt सोबत srt फाइल येते ती जपून ठेवा, कुठल्या मिनिटाला काय बोलले ते त्यात असतं.

निवांत: त्यात आधी गावांची नावं देता येतात ना `--initial_prompt` मधे? मग सगळी बरोबर येतील.

खटपट्या: येतं देता, पण त्याचा जोर फाइलच्या सुरुवातीलाच असतो, पंचवीस मिनिटं टिकत नाही. त्यापेक्षा चुकलेल्या नावांची यादी करून नंतर फाइंड-रिप्लेस बरं.

दहिवडीकर: सात नंबर करून पाहिली! ७२ च्या दुष्काळाची आहे. ‘खडी फोडायला’चं ‘घडी फोडायला’ झालंय, सुकडीची ‘सुट्टी वाटायचे’, हसून हसून वाट. पण एक गोष्ट खटकली. अण्णा म्हणालेत, ‘मंग सकाळच्यापारी, नाय, सकाळी नव्हं, दुपारी गेलो कामावर’. तिथं फक्त ‘मग सकाळी गेलो कामावर’ आलंय.

खटपट्या: हीच खरी गोम आहे! ‘घडी फोडायला’ वाचताना कोणालाही खटकेल, पण हे वाक्य व्याकरणात बसतं त्यामुळे नजरेतून सुटतं. अडखळणं गाळताना ते कधीकधी दुरुस्तीच गाळतं. सोळा तास पुन्हा ऐकायची गरज नाही, पण जिथे साल, आकडा, नाव किंवा ‘नाही’ येतं तिथे srt मधली वेळ बघून कानाने ऐकाच.

आणि फाइलीच्या क्रमाने साफ करत बसू नका, मी तीच चूक केली. म्हातारी माणसं एकच गोष्ट तीनदा सांगतात. आधी प्रत्येक फाइलची एका ओळीची चिठ्ठी करा, ‘०७, ४ ते ११ मिनिटं, खडीचं काम’ अशी. मग खडीच्या कामाचे सगळे तुकडे एका डॉक्युमेंटमधे एकाखाली एक टाका, सगळ्यात भरलेलं सांगणं पाया धरा आणि बाकीच्यांतून फक्त नवीन तपशील उचला. वाक्यं नीट करणं त्यानंतर. मी आधी साफ करत बसलो होतो, त्यातलं निम्मं नंतर फेकलं.

दहिवडीकर: चिठ्ठ्या केल्या थोड्या. खडीचं काम ७, १९ आणि ३१ मधे आहे. १९ मधे मुकादम हजेरी लावायचा ते आहे, ३१ मधे आजीची फुटलेली बोटं, जी सात मधे नाहीतच. पण ‘व्हता, मंग, नव्हं’ सगळं पुसून ‘होता, मग, नाही’ झालंय. परत घालू का?

निवांत: प्रमाण भाषाच ठेवा, नातवंडं शहरात वाढलेली, त्यांना वाचता आलं पाहिजे.

खटपट्या: मी निवेदन साधं ठेवलं आणि संवाद मामांच्या बोलीत. माझी बहीण अजून म्हणते सगळंच बोलीत हवं होतं. ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुलूमावशी: अण्णांनाच वाचून दाखव की एक पान, त्यांना काय वाटतं बघ.

दहिवडीकर: दाखवलं मावशी काल. मुकादमाच्या ओळीला मला थांबवलं आणि त्याच्यावरच वीस मिनिटं बोलले, फाइल नंबर ३९ झाली.