मिती जुळल्या, तरीही सूत्र उलटे असू शकते

«दोन्ही बाजूंच्या मिती जुळल्या की सूत्र बरोबर आहे असे समजून पुढे जावे का?»

एवढ्यावर थांबू नये, कारण प्रकाशशास्त्रातील बहुतेक राशी लांबीच्याच असतात आणि तिथे मितींची तपासणी फार दुबळी पडते. यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात λ ही प्रकाशाची तरंगलांबी, D हे फटींपासून पडद्याचे अंतर आणि d हे दोन फटींमधले अंतर धरले, तर पट्ट्यांची रुंदी β = λD/d असते; घाईत ती λd/D अशी लिहिली, तरी उत्तर लांबीचेच येते आणि चूक लपून राहते. अशा वेळी उत्तर साधारण किती मोठे यावे याचा अंदाजच उपयोगी पडतो. λ = 600 नॅनोमीटर, D = 1 मीटर आणि d = 0.5 मिलिमीटर घेतल्यास बरोबर सूत्राने 1.2 मिलिमीटर मिळतात, तर उलट्या सूत्राने 0.3 नॅनोमीटर, म्हणजे जवळपास एका अणूएवढी रुंदी येते. पडद्यावर पट्ट्या डोळ्यांना दिसतात हे माहीत असताना ते उत्तर स्वीकारणे शक्यच नाही. d मीटरमध्ये न बदलता 0.5 तसाच ठेवला तर 1.2 मायक्रोमीटर येतात. उत्तर अपेक्षेपेक्षा नेमके हजारपट लहान असेल, तर मिलिमीटरचे रूपांतर राहून गेले का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

आकडे दिलेलेच नसतील, तर फटी एकमेकींच्या जवळ आणल्यावर पट्ट्या रुंदावतात का, एवढे सूत्राला विचारावे. मात्र a रुंदीच्या एकाच फटीच्या विवर्तनात मधल्या पट्टीची पूर्ण रुंदी 2λD/a असते, आणि त्यातील 2 निसटला तर यांपैकी कोणतीही तपासणी तो पकडत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या पहिल्या अंधाऱ्या जागा आकृतीत दाखवूनच अंतर मोजावे लागते.