ताकीद, समज की नुसती आठवण?

कृष्णाकाठ : सांगलीत एका पतसंस्थेच्या शाखेत मी शाखाधिकारी आहे. काउंटरवरचा एक जण खातेदार समोर उभे असताना फोनवर बोलतो. आत्तापर्यंत जाता-येता बोलले, "फोनला चिकटलायस नुसता", "एक दिवस जप्तच करते बघ" असं. तो हसतो, मी हसते, संपलं. आता लेखी द्यायचं ठरवलंय. मसुदा असा :

"आपणास वारंवार सांगूनही आपण सतत मोबाईलवर असता असे निदर्शनास आले आहे. ही सक्त ताकीद समजावी. यापुढे असे आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल."

वाचून मलाच कसंतरी झालं. पोरगा कामाला चांगला आहे. 'ताकीद'ऐवजी कोणता शब्द घालू? समज, इशारा, सूचना, स्मरणपत्र?

शुद्धमराठी : आधी 'मोबाईल' काढा. 'भ्रमणध्वनी' लिहा.

कृष्णाकाठ : अहो, प्रश्न तो नाही.

हळदबाजार : इशारा नको बाई. सांगलीत इशारा म्हटलं की आयर्विन पूल आठवतो. 40 फुटाला इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. पोरगं सामान वर चढवायला लागंल.

मोडीवाचक : ताकीद मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आली. मूळ अर्थ 'जोर देऊन सांगणे'. जुन्या मोडी कागदांत ताकीदपत्र म्हणजे निक्षून दिलेला हुकूम, त्यात दरवेळी कुणी चुकलेलं असतंच असं नाही. त्यामुळे ताकीद वाईट नाही, 'सक्त' तेवढं काढा.

जावकबारनिशी : मूळ अर्थ बरोबर, पण आज तो चालत नाही. आज ज्याच्या हातात ताकीद पडते तो आपल्या फाइलला डाग लागला असंच धरतो. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत आवक-जावक आणि आस्थापना दोन्ही टेबलं केली. 'समज'ही टाळा. शब्द मऊ आहे, पण पेपरात रोज 'पोलिसांनी समज देऊन सोडले' वाचून त्याला ठाण्याचा वास लागलाय. 'ठपका' तर आमच्या शिस्त व अपील नियमांत शिक्षाच आहे. तुम्ही सरकारी नाही, पण लोक शब्द तिथूनच उचलतात.

रविवारपेठ : मग स्मरणपत्र! आठवणच तर करून द्यायची आहे.

जावकबारनिशी : अर्थाने जवळ, वापराने चूक. स्मरणपत्र जातं पहिल्या पत्राचं उत्तर न देणाऱ्याला. 'स्मरणपत्र क्र. 1' पाहिल्यावर माणूस मूळ पत्र शोधत बसेल.

आता ताईंना माझा प्रश्न. आठवण कशाची करून देणार? नियम लेखी आहे का?

कृष्णाकाठ : नाही. तोंडी सांगितलंय सगळ्यांना. ग्रुपवर एकदा टाकलं होतं, "काही लोकांना काउंटर आणि कट्टा यातला फरक कळत नाही."

जावकबारनिशी : तो नियम नव्हे, टोमणा झाला. 'काही लोक' म्हणजे कोण हे सगळ्यांना कळतं आणि ज्याला म्हटलं त्याला उत्तर देता येत नाही. नियमच सांगितला नसेल तर आठवण होत नाही. आधी सूचना काढा, सगळ्यांसाठी, तारखेसह, प्रत्येकाची सही घेऊन. त्यात काय चालतं तेही लिहा. राज्य शासनाचं जुलै 2021 चं मोबाईलबाबतचं परिपत्रक बघा. फोन वापरूच नका असं त्यात नाही. वैयक्तिक बोलणं खोलीबाहेर जाऊन करा, आवाज हळू ठेवा, अशी वागण्याची रीत सांगितली आहे.

हळदबाजार : आमच्या अडतीवर मालकानं ग्रुपवर माझाच फोटो टाकलेला, कानाला फोन लावलेला. मी लातूरच्या व्यापाऱ्याला हळदीचा भाव सांगत होतो! नंतर मालक सॉरी म्हणाले, पण केबिनमध्ये, एकट्याला. फोटो अजून ग्रुपवर आहे.

मोडीवाचक : मसुद्यातला 'आपण' पण काढा. "आपण काउंटरवर फोन वापरू नये" यात आपण म्हणजे तुम्ही, की तुम्ही-आम्ही सगळे? एकाला लिहायचं तर 'तुम्ही' स्वच्छ. आणि 'निदर्शनास आले' कोणाच्या? तुम्ही पाहिलंत तर 'मी पाहिले' लिहा, म्हणजे शेजारच्यानं चहाडी केली असं त्याला वाटणार नाही.

रविवारपेठ : तीन ताकिदी झाल्या की काढून टाकता येतं, म्हणून क्रमांक घालाच.

जावकबारनिशी : तीनचा आकडा संस्थेच्या सेवानियमात असला तर आहे, एरवी ती ऐकीव गोष्ट. आठवणीच्या पत्राला क्रमांक घातला की ते आठवणीचं राहत नाही.

कृष्णाकाठ : महिन्याने परत आले. 1 तारखेला सूचना काढली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बाकीचे सुधारले, हा नाही. आता हे लिहिलंय :

"11 तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास आणि 14 तारखेला दुपारी, खातेदार समोर असताना तुम्ही काउंटरवर स्वतःच्या फोनवर बोलत होता, हे मी पाहिले. 1 तारखेच्या सूचनेप्रमाणे काउंटर सुरू असताना फोनचा आवाज बंद ठेवायचा आहे. तातडीचा फोन आल्यास कॅशच्या ड्रॉवरला कुलूप लावून, शेजारी सांगून, बाहेर जाऊन बोलता येते. याची आठवण देण्यासाठी हे पत्र आहे. काही अडचण असल्यास 18 तारखेपर्यंत मला सांगा, तोंडी चालेल."

जावकबारनिशी : 'सतत' आणि 'वारंवार' गेले, हे उत्तम. 'सतत'वर माणूस वाद घालतो, साडेअकरावर घालत नाही. खाली सही कशी घेणार?

कृष्णाकाठ : 'वाचले, मान्य' असं लिहून.

जावकबारनिशी : 'मान्य' नको. त्याने चूक कबूल केल्याचा कागद होतो आणि तो सहीच करणार नाही. 'प्रत मिळाली' एवढंच. पत्र हातात द्या, बंद पाकिटात. 'प्रत माहितीसाठी' म्हणून चेअरमनसाहेबांना पाठवू नका.

रविवारपेठ : पाकिटावर 'खाजगी' की 'गोपनीय'?

मोडीवाचक : 'खासगी', खास वरून आलेला. 'खाजगी' रूढ आहे, त्याला चूक म्हणवत नाही. पण पाकिटावर दोन्ही नकोत, घरगुती मजकूर वाटतो. 'गोपनीय' लिहिलं तर शिपाई उजेडाला धरून बघेल. 'वैयक्तिक', खाली त्याचं नाव.

कृष्णाकाठ : दिलं. दुसऱ्या दिवशी तोच आला केबिनमध्ये. आई मिरजेला दवाखान्यात आहे, डॉक्टर राउंडनंतर फोन करतात, ती वेळ साडेअकराचीच. पंधरा दिवस त्या वेळेला दुसरा काउंटरवर बसेल असं ठरवलं. आता अडलंय ते एकच, पत्राचा विषय अजून कोराच आहे. 'नियमाची आठवण' लिहिलं तर आमचे सचिव म्हणतात, हे शाळेतल्या बाईंसारखं वाटतं.

मोडीवाचक : 'काउंटरवरील फोनच्या नियमाबाबत'. नुसतं 'बाबत'. सूचना, आठवण, ताकीद काहीच नको, मजकूर बोलेल.

जावकबारनिशी : 'बाबत'ने काम भागतं, पण दोन वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला हे पत्र कोणत्या पायरीचं होतं ते कळत नाही. तो त्याला ताकीदच धरील. मी 'आठवण' शब्द विषयात ठेवला असता, सचिव काही म्हणोत.

शुद्धमराठी : 'काउंटर'ला 'गवाक्ष' आहे.