मधाची पाण्यातील चाचणी

> "मध ग्लासातल्या पाण्यात न विरघळता तळाशी बसला की तो शुद्ध, असं व्हिडिओत दाखवलंय. खरं मानावं का?"

मानू नये. ही चाचणी केवळ दाटपणा दाखवते. साखरेचा दोनतारी पाक गार करून त्याचा एक चमचा पाण्यात सोडून पाहा. तोही धार धरून तळाशी जाईल, म्हणजे भेसळीचा पाकही इथे 'शुद्ध' ठरेल. उलट, पोळ्यातून पुरता पिकण्याआधीच काढलेल्या मधात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो अस्सल असूनही लवकर विरघळतो आणि बिचाऱ्या मध काढणाऱ्यावर नाहक आळ येतो. मका किंवा उसाची साखर प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या, प्रमाणावरून ओळखता येते. तांदळाचा पाक मात्र त्या चाचणीतूनही निसटतो, म्हणून त्यासाठी वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात.